गुरूचा अस्त आणि टॉवेलची बाकी

२०२४च्या गुरुपौर्णिमेला, रविवारी दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गुरूविरुद्ध तक्रार लिहायला बसलो. शाळेतल्या नव्हे, आकाशातल्या. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस शुक्र मावळला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गुरू. गुरू जूनच्या सुरुवातीला निदान परत तरी आला. शुक्राने जून संपत आल्यावर डोकं वर काढलं. या दोघांपैकी एक जरी अस्ताला गेलेला असला तरी आपल्याकडे अंतरपाट धरत नाहीत. त्यामुळे एरवी ज्या महिन्यात आमच्या फलटणमध्ये एकेका माणसाला दिवसाला चार मांडवांत हजेरी लावावी लागते, तो मे महिना उपाशी गेला. काही पंचांगांनी अडलेल्यांसाठी काढीव मुहूर्त दिले होते. पण काढीव मुहूर्तावर लग्न करणारी माणसं आहेरही काढीवच करतात.

माझं कापडाचं दुकान आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टाचे-पँटचे पीस, आणि ज्याच्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे तो आहेराचा टॉवेल. ज्यांना हा टॉवेल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हा टॉवेल अंग पुसायला नसतो. टोपीबरोबर तो व्याह्याच्या हातात पडतो, व्याह्याच्या कपाटातून त्याच्या साडूच्या हातात, तिथून साडूच्या मेहुण्याच्या हातात, आणि दोन-तीन लग्नं पाहून झाली की कधीतरी मूळ यजमानाकडे परत येतो. या सगळ्या प्रवासात तो एकदाही ओला होत नाही. एका टॉवेलवर चार-चार आहेर निभावतात, त्यामुळे आम्ही विकतो त्यापेक्षा गावात फिरतात ते जास्त. तरीही बरी लगीनसराई असली की हजार-दीड हजार नग सहज जातात.

म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, सोलापूरच्या कारखानदाराचं बिल फाटलं : १,५०० टॉवेल ८० रुपयांनी आणि ४०० चादरी ३०० रुपयांनी. दोन्ही मिळून २,४०,००० आणि वर पाच टक्के जीएसटीचे १२,०००. एकूण २,५२,०००. माल १२ तारखेला ट्रान्सपोर्टने आला, गाठी सोडल्या, नग मोजले, बरोबर भरले. मे महिन्यात कसेबसे ५०,००० पाठवले. गुरुपौर्णिमेला बाकी होती २,०२,००० आणि माळ्यावर होते १,०६० टॉवेल आणि २१० चादरी. उन्हाळ्यात चादर कोण घेतो, हा प्रश्न मला जुलैत सुचला.

बाकीपेक्षा मला काळजी वाटत होती ती शांततेची. तगाद्याच्या फोनला एक चाल असते. पहिला फोन शेठजींचे मुनीम करतात आणि पैशाचं नावही काढत नाहीत : "माल कसा वाटला? पाऊसपाणी कसं काय?" दुसऱ्या फोनमध्ये "मालक विचारत होते" असं येतं. तिसरा फोन खुद्द मालकांचा असतो आणि त्यात सूतवाला, मजुरांचा पगार, विजेचं बिल अशी मंडळी ओळीने हजेरी लावतात. जूनअखेर हे तिन्ही फोन होऊन गेले. त्यानंतर फोन बंद. मला बरं वाटलं. आमचे दिवाणजी वडिलांच्या वेळचे, ते म्हणाले, "भाऊ, तगादा चालू आहे तोवर आपण गिऱ्हाईक असतो. तगादा थांबला की आपण बुडीत खातं. आता पत्र लिहा." तगादा थांबवलेला व्यापारी गप्प बसत नाही, तो दुसऱ्या व्यापाऱ्यांना फोन करतो. "फलटणची ती पार्टी कशी आहे हो सध्या?" एवढंच विचारतो. मग सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत कोणाचाही माल मागवा, आधी पैसे मागतात.

पहिलं पत्र मी वडिलांच्या वळणाने लिहिलं. वडिलांच्या काळातल्या पत्रांच्या नकला एका पुठ्ठ्याच्या फायलीत आहेत, त्या समोर ठेवल्या. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपले कृपेने इकडील सर्व क्षेम असून तिकडील क्षेमाचे वर्तमान कळवीत जावे.' इथवर झकास जमलं. पुढे अडचण अशी आली की सर्व क्षेम असेल तर पैसे का देत नाही, असं कोणीही विचारील. 'क्षेम' खोडलं तर पत्रात नमस्कार तेवढा उरला.

दुसरं पत्र कारणांचं. ते दोन पानं भरून झालं आणि मला ते फार आवडलं. त्यात गुरू होता, शुक्र होता, ७ मेचं लोकसभेचं मतदान होतं, आचारसंहितेत ५० हजारांवर रोकड जवळ बाळगली तर नाक्यावर कागद दाखवावे लागत होते तेही होतं, मेमधलं ऊन होतं, जूनमधला पाऊस होता, आणि शेवटी 'या सर्व दैवी व राजकीय आपत्तींमुळे' असा एक परिच्छेद होता की तो वाचून माझेच डोळे पाणावले. संध्याकाळी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अहो, गुरूचा अस्त होणार हे कधी कळलं?"

मी म्हटलं, "मे महिन्यात."

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर आमच्याच दुकानाचं कॅलेंडर होतं. दर दिवाळीत आम्ही पाचशे छापून घेतो आणि गिऱ्हाइकांना वाटतो. वर दुकानाचं नाव, खाली पान उलटलं की मागे पंचांग. मेच्या पानामागे विवाहमुहूर्ताचा रकाना होता, आणि त्या रकान्यात, माझ्याच खर्चाने छापलेल्या त्या कोऱ्या जागेत, एक आडवी रेघ होती. पाचशे घरांना ही बातमी मी स्वतः पोचवली होती, पाच महिने आधी.

"म्हणजे," ती म्हणाली, "ते विचारतील, एप्रिलमध्ये दीड हजार टॉवेल मागवताना पान उलटून का नाही बघितलंत?"

दैवी आपत्ती तिथेच संपली. कारण सांगण्यात हा एक धोका असतो, की कारण जितकं मोठं तितका समोरच्याला त्यात आपला गाढवपणा शोधायला वाव. मतदानाची तारीखही मार्चमध्येच जाहीर झाली होती. उन्हाबद्दल तर बोलायलाच नको.

मग मी रात्री दुकानात जाऊन आमचीच उधारीची वही काढली. म्हटलं, लोक आपल्याला मुदत मागतात तेव्हा कसं मागतात ते तरी बघू. वहीत अडकवलेल्या चिठ्ठ्या निघाल्या, फोनवर आलेले निरोपही होते. 'पुढच्या आठवड्यात नक्की.' 'आईचं आजारपण निघालं.' 'ऊसबिल आलं की सर्वात आधी तुमचं.' यातलं एकही खोटं नसावं, पण मी एकावरही विश्वास ठेवल्याचं मला आठवेना. उलट ज्या एका माणसाला मी विनातक्रार मुदत दिली होती, त्याने कारणच सांगितलं नव्हतं. मुलीच्या बस्त्याची बाकी राहिलेला जाधववाडीचा एक शेतकरी. तो दुकानात आला, पाचशे रुपये गल्ल्यावर ठेवले, म्हणाला, "आठ हजार चारशे राहिलं. कांदा निघंल दसऱ्याला. निम्मं तवा, निम्मं दिवाळीला." चहासुद्धा घेतला नाही. मी तेव्हा त्याला बाकी किती ते वहीत बघून सांगणार होतो; त्याने ती बिनचूक स्वतःच सांगितली. बुडवणाऱ्याला बाकी कधीच पाठ नसते.

तेव्हा तिसरं पत्र त्याच्यासारखं लिहायचं ठरवलं. आधी बाकी, मग हातात काही, मग तारखा. पण तारखा म्हणजे कोणत्या? माझ्या मनात होतं की सगळंच तुळशीच्या लग्नानंतर. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लागलं की माणसांची लागतात. त्या वर्षी ते नोव्हेंबरच्या मध्यावर येत होतं. 'कार्तिकीनंतर एकरकमी' असं लिहून टाकणार, तेवढ्यात आमच्या टॅक्सच्या वकिलांकडचा पोरगा कागद न्यायला आला. वय तेवीस असेल. मी सहज त्याला पत्र दाखवलं आणि त्याने माझा रविवारपासून चाललेला सगळा साहित्यव्यवहार पंधरा मिनिटांत मोडीत काढला.

"काका, यांच्या बिलाच्या तळाशी बघा," तो म्हणाला. तळाशी, जिथे 'माल एकदा विकला की परत घेतला जाणार नाही' असतं त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत उद्यम नोंदणीचा नंबर होता. "हे स्वतः माल बनवतात आणि छोटे उद्योजक आहेत. यांचं पेमेंट किती दिवसांत द्यायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं नसतं, २००६च्या कायद्याने ठरवलंय. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस. करार आहे?"

आमचा करार म्हणजे, "पाठवू का?" "पाठवा" आणि "पेमेंटचं?" "बघू की." हे लेखी नव्हतं.

"मग १५ दिवस," तो म्हणाला. "माल १२ एप्रिलला आला, म्हणजे २७ एप्रिलला मुदत संपली. तेव्हापासून व्याज चालू. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट पावणेसात आहे, तिप्पट करा, सव्वावीस टक्के. दोन लाख दोन हजारांवर महिन्याला तीन हजार चारशेच्या आसपास."

मी हबकलो. म्हटलं, त्यांनी तर आजवर व्याजाचं नाव काढलेलं नाही. पोरगा हसला. नाहीच काढत कोणी. काढलं तर पुढच्या खेपेला मी त्यांच्याऐवजी एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडून टॉवेल घेईन. कारण व्यापारी उद्यममध्ये नाव नोंदवू शकतो, पण वेळेत पेमेंट मिळण्याचं हे संरक्षण त्याला नाही. म्हणजे ज्याच्या बाजूने कायदा केला त्यालाच तो वापरायची भीती. मात्र माझ्या मानेवर बसणारं कलम वेगळंच होतं. आयकराच्या कायद्यात आता एक पोटकलम आलंय, की अशा छोट्या कारखानदाराची मुदत टळलेली बाकी ३१ मार्चला उभी असेल, तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरायची नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरायची. समजा मार्चअखेर ६० हजार राहिले. त्यातला जीएसटी वजा जाता सत्तावन्न हजारांचा नफा झाला, असं सरकार समजणार आणि तीस टक्क्यांच्या घरात असाल तर सतराएक हजार कर आधी भरा म्हणणार. दिल्यावर पुढच्या वर्षी वळते होतात, पण आज नसलेले पैसे पुढच्या वर्षी परत मिळणार या आनंदात माणूस जगू शकत नाही.

"वर्षाच्या आत कधीही दिलेत तर हे कलम लागत नाही," तो म्हणाला. "उशीर झाला तरी चालेल, ३१ मार्च ओलांडू नका. आणि दुसरं, १८० दिवस. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर जीएसटीची जी वजावट घेतलीत ती व्याजासकट परत करावी लागते. ८ एप्रिलपासून मोजा." आम्ही बोटं मोजली. ५ ऑक्टोबर. घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी. सगळी बाकी कार्तिकीपर्यंत ठेवली तर नऊ हजार सहाशेच्या वर वजावट उलटणार होती. तोवर साठच हजार मागे राहिले तर २,८५७ रुपयांवर भागणार होतं, आणि तीही पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते. पंचांगात नसलेले हे सगळे मुहूर्त त्या पोराला तोंडपाठ होते.

जाता जाता तो दारात थांबला. "आणि काका, या पत्रावर सही कराल ना, तर ही बाकी तुम्ही लेखी मान्य केली असं होतं. त्यांचा कोर्टात जायचा तीन वर्षांचा काळ त्या तारखेपासून नव्याने सुरू होतो."

म्हणजे मी त्यांच्याकडे चार महिने मागत होतो आणि त्याच कागदाने त्यांना तीन वर्षं देत होतो. मी दिवाणजींकडे बघितलं. दिवाणजी म्हणाले, "मग बरंच आहे की. त्यांना कळेल की भाऊ बुडवणार नाहीत. बुडवणारा सही करत नाही."

खरं सांगायचं तर पुढच्या तारखांचे चेकही पाठवावेत असं माझ्या मनात आलं होतं. पत्राला वजन येतं. दिवाणजींनीच हाणून पाडलं. पत्रातली तारीख चुकली तर फोन करून चार दिवस मागता येतात, चेक परत आला तर नोटीस येते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे नाही भरले तर फौजदारी. गणपतीत गल्ला किती होईल याचा अंदाज मला शपथेवर सांगायचा नव्हता.

शेवटी जे पत्र गेलं ते असं :

'सप्रेम नमस्कार. आपले ८ एप्रिल २०२४चे बिल रुपये २,५२,०००. पैकी पोच रुपये ५०,०००. बाकी रुपये २,०२,००० आमच्या खात्याप्रमाणे आहे. आपला खातेउतारा पाठवावा म्हणजे ताळा होईल. आज रुपये २२,००० आपल्या खात्यात भरले आहेत. उरलेले १,८०,००० असे देऊ : ३१ ऑगस्टला ६०,०००, ३० सप्टेंबरला ६०,०००, ३० नोव्हेंबरला ६०,०००. माल चांगला आहे, आमचा खरेदीचा अंदाज चुकला. १,०६० टॉवेल व २१० चादरी शिल्लक आहेत. चादरी थंडीत जातील. यातील ३०० टॉवेल आपल्याकडे मागणी असल्यास आमच्या भाड्याने परत पाठवू व आपण क्रेडिट नोट द्यावी. नसल्यास आग्रह नाही. हे हप्ते पुरे होईपर्यंत नवीन माल रोखीने घेऊ. लोभ आहे तो वाढावा.'

'आमचा खरेदीचा अंदाज चुकला' या वाक्यावर मी अर्धा तास अडून बसलो होतो. बायको म्हणाली, "लिहा. कॅलेंडर त्यांनाही आपण पाठवलंय." आणि '३०० टॉवेल परत' हे दिवाणजींचं. त्यांचं म्हणणं, हजार परत देतो म्हटलं तर दुकान बंद करताय असं वाटतं; शंभर म्हटलं तर थट्टा वाटते.

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी शेठजींचा फोन. मी उभा राहून घेतला.

"काय ओ मालक, पत्र मिळालं. तारखा ठीक आहेत. टॉवेल परत नको, माझ्याकडंच चार हजार पडलेत. आपल्याकडंबी लग्नं कुठं झाली?" मग थोडं थांबून म्हणाले, "पुतणीचं होतं मेमध्ये, तेबी पुढं गेलं. आता डिसेंबरात करतोय. बस्ता तुमच्याकडं बांधावा म्हणतो."

मला गहिवरून आलं. सोलापुरात साड्यांची दुकानं काय कमी आहेत? म्हटलं, "शेठ, एवढ्या लांब..."

"लांब कुठं? गाडी काढली की आलो. वीस-पंचवीस माणसं येऊ. साठ-सत्तर हजाराचं होईल. इथं रोख द्यावं लागतंय. तुमच्याकडं नोव्हेंबरचा हप्ता वळता करून टाकू, काय?"

मी "हो, हो, आपलंच दुकान आहे" म्हणालो. फोन ठेवल्यावर दिवाणजींनी कागद पुढे ओढला. साठ-सत्तर हजारांचा बस्ता म्हणजे भारीतल्या साड्या. आमच्याकडे आहेत त्या मानपानाच्या. त्या सुरतेहून आणाव्या लागणार, ऑक्टोबरमध्ये, आणि सुरतेची आमची गेल्या दिवाळीची बाकी अजून उभी आहे. नोव्हेंबरचा जो हप्ता या बस्त्यात बसणार, तो सुरतेला रोखीने आधी द्यावा लागणार.

"लिहा," दिवाणजी म्हणाले. "पत्र तेच. फक्त हिंदीत."

दोघं मिळून निम्म्यापर्यंत आलो आहोत. 'अंदाज चुकला' सहज उतरलं, कारण आता सवय झाली आहे. 'लोभ आहे तो वाढावा' याला हिंदीत काय म्हणायचं, तिथे अडलंय. दिवाणजी म्हणतात, सरळ 'लोभ' लिहा. मी शब्दकोश बघून आलो. हिंदीत लोभ म्हणजे हाव.